अधिकारिता (दिवाणी न्यायालयांची)

एखादा दावा चालवून त्यावर निर्णय देण्याची न्यायालयाची शक्ती. तिची हद्द तीन अंगांनी ठरते: दाव्याचे ठिकाण (प्रादेशिक), दाव्याचे मूल्यांकन (आर्थिक) आणि वादाचा विषय. मूल्यांकनावरून दावा कनिष्ठ स्तराकडे की वरिष्ठ स्तराकडे हे ठरते. ते चुकले, तरी एवढ्यावरून हुकूमनामा सहसा रद्द होत नाही. विषयाची अधिकारिता मात्र पक्षकारांच्या संमतीने मिळत नाही. पुण्यात भाडेकरूकडून ताबा मागण्याचा दावा लघुवाद न्यायालयात, म्हणजे वकिलांच्या बोलीतल्या ‘स्मॉल कॉज’मध्ये चालतो. तो साध्या दिवाणी न्यायालयात कोणाचीही हरकत न येता चालला, तरी तिथला हुकूमनामा टिकत नाही.

अधिक घोटाळा स्थावर मिळकतीत होतो. समजा, कोथरूडच्या खरेदीदाराने डेक्कनवर राहणाऱ्या मालकाशी वाईजवळच्या जमिनीचे साठेखत पुण्यात केले आणि पैसेही पुण्यातच दिले. मालक खरेदीखत करून देईना, म्हणून त्याने करारपूर्ती आणि ताबा मागत शिवाजीनगरला दावा लावला. प्रतिवादी पुण्याचा, करार पुण्याचा, म्हणून दावाही पुण्याचाच, असे त्याला वाटते. पण दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 16 नुसार असा दावा मिळकत जिथे आहे तिथे, म्हणजे सातारा जिल्ह्यात लावावा लागतो. प्रतिवादीने स्वतः हुकूम पाळल्याने मागणी पूर्णपणे भागत असेल, तर या कलमात सवलत आहे. ताबा मागितला की ती बहुधा लागू होत नाही.

हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ युनिव्हर्सल या खटल्यात हेच घडले. भूखंड गुडगावचा, दावा 1988 मध्ये दिल्लीत. अधिकारितेची हरकत सुमारे 8 वर्षांनी आली, वादपत्र परत करण्याचा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तो कायम ठेवला.

इथे अभ्यासकांत मतभेद आहे. कलम 21 नुसार ठिकाणाबाबतची हरकत पहिल्याच संधीला, मुद्दे निश्चित होण्यापूर्वी किंवा होताना घ्यावी लागते. पुढे वरच्या न्यायालयात ती मांडायची तर न्यायहानीही दाखवावी लागते. कलम 16 चा दोष निव्वळ ठिकाणाचा की मूळ अधिकाराचाच अभाव? 2005 च्या निकालाचा रोख दुसऱ्या मताकडे आहे. कलम 21 चे शब्द मात्र ‘दाव्याचे ठिकाण’ असे असल्याने पहिले मत अधिक सुसंगत दिसते.

वादपत्र परत मिळाल्यावर योग्य न्यायालयात दावा पहिल्यापासून चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. नोंदवलेल्या साक्षी पुन्हा घ्याव्या लागतात. दरम्यान साक्षीदार वारलेला असू शकतो. करारपूर्तीची मुदत 3 वर्षांची. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 14 नुसार वगळता येतो, पण दावा सद्भावनेने आणि तत्परतेने चालवला होता हे वादीनेच दाखवायचे असते. हरकत आल्यावरही हट्टाने तिथेच राहिलेल्याला ते अवघड जाते.