‘सार्थक फरक नाही’: तीस-तीसच्या तुकड्यांमागचा इतिहास

मराठवाड्यात दरवर्षी एम.एड.चे लघुप्रबंध आणि शिक्षकांची कृतिसंशोधनं लिहिली जातात. त्यातल्या बऱ्याच कामांचा साचा ओळखीचा असतो. ‘अ’ तुकडी नियंत्रित गट, ‘ब’ तुकडी प्रायोगिक गट, दोन्हीकडे तीस-तीस मुलं, महिनाभर अध्यापन, उत्तरचाचणी आणि टी-मूल्य. शेवटी एक वाक्य येतं: ‘दोन्ही गटांच्या संपादनात सार्थक फरक आढळत नाही, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो.’ मग वाचणारा समजतो की नव्या पद्धतीत काही दम नव्हता. मला हे फार खटकतं, कारण फरक नसणं वेगळं आणि तो दिसू न शकणं वेगळं.

आकडे घालून पाहू. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला अपूर्णांक दोन पद्धतींनी शिकवले. चाचणी ५० गुणांची आहे आणि मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १०. नव्या पद्धतीने खरोखरच सरासरी ५ गुण वाढतात असं धरू. वर्गात ५ गुणांची वाढ म्हणजे चांगलीच वाढ. पण तीस-तीस मुलांच्या दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगानेही साधारण २.६ गुणांनी वरखाली होतो. ५ टक्के पातळीवर ‘सार्थक’ ठरायला त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळपास ५.२ गुणांचा फरक हातात यावा लागतो. खरा फरकच ५ असल्यामुळे हा प्रयोग शंभरदा केला तर ४८ वेळाच तो पकडला जाईल. उरलेल्या ५२ वेळा वरचंच वाक्य लिहिलं जाईल, आणि दर वेळी ते चुकीची समजूत देईल.

ही ५ टक्क्यांची पातळी रूढ झाली ती रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. फिशर तेव्हा इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होते. ती पातळी एकाच चुकीपासून वाचवते: नसलेला फरक आहे असं म्हणणं. असलेला फरक हातून निसटणं ही दुसरी चूक यर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९२८ ते १९३३ च्या लेखांमध्ये वेगळी मांडली. खरा फरक पकडण्याच्या संभाव्यतेला त्यांनी परीक्षणाची ‘शक्ती’ म्हटलं. पण शिक्षण आणि मानसशास्त्राच्या संशोधनात ती कल्पना जवळपास तीस वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नाही.

ती मनावर घ्यायला लावली जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. १९६२ मध्ये त्याने मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाचा १९६० चा खंड घेतला आणि त्यातल्या ७० लेखांची शक्ती मोजली. मध्यम आकाराचा फरक पकडण्याची सरासरी शक्ती निघाली ०.४८, म्हणजे आपल्या बीडच्या उदाहरणाइतकीच. १९६९ मध्ये त्याने तक्त्यांचं पुस्तकच काढलं. त्याच्या पद्धतीत दोन सरासऱ्यांमधल्या फरकाला प्रमाण विचलनाने भागायचं. ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा फरक. शक्ती निदान ८० टक्के असावी हा त्याचाच संकेत. पहिली चूक दुसरीच्या चौपट गंभीर मानली तर एकीकडे ५ टक्के आणि दुसरीकडे २० टक्के धोका राहतो, एवढंच त्यामागचं कारण. हा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे.

८० टक्के शक्तीसाठी किती मुलं लागतील, याचा हाताने करायचा हिशेब सोपा आहे:

```
n = 16 / d²
```

इथे `d` म्हणजे प्रमाण विचलनाच्या पटीत फरक आणि `n` म्हणजे प्रत्येक गटातली मुलं. ०.५ साठी ६४ मुलं लागतात, तर ०.२ साठी सुमारे ४००. फरक निम्मा झाला की मुलं चौपट लागतात. मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गुणांमधली वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ होती. महिनाभराच्या अध्यापनाकडून ०.५ ची अपेक्षा धरणं त्यापुढे फारच आशावादी वाटतं.

इथवरचा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: प्रत्येक मूल स्वतंत्र आहे. खरी अडचण तिथेच आहे, आणि ती परभणीच्या कृषी विद्यापीठात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. तुरीच्या दोन वाणांची तुलना करताना एकेका वाणाचा एकच वाफा लावून ‘प्रत्येकी पाचशे झाडं मोजली’ असं कुणी म्हणत नाही. एका वाफ्याखाली काळी माती खोल असेल, दुसऱ्याखाली मुरूम. म्हणून वाफे पुन्हा पुन्हा लावतात आणि मोजताना वाफे मोजतात, झाडं नाही. वर्गाचंही तसंच आहे. एकाच तुकडीतल्या मुलांना शिक्षक एक, तासिका एक, चाचणीच्या दिवशीची गडबडही एक. फिशरच्या शेतीतल्या पद्धती शिक्षणात आणणाऱ्या आयोवा विद्यापीठाच्या ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी १९४० मध्येच हे लिहून ठेवलं होतं. मोजायचा एकक वर्ग किंवा शाळा आहे, हा त्यांचा आग्रह होता.

एका तुकडीतली मुलं किती सारखी, याचा आकडा ० ते १ मध्ये मांडतात. तो फक्त ०.१ धरला आणि तुकडी ३० मुलांची असली तर लागणारी मुलं १ + २९ × ०.१, म्हणजे ३.९ पट होतात. ६४ अधिक ६४ मिळून १२८ होते, ते जवळपास ५०० झाले. म्हणजे प्रत्येक बाजूला निदान नऊ तुकड्या. तुकड्या कमी असल्या की टी-मूल्याची अटही थोडी कडक होते, म्हणून दहा धराव्यात. आणि दोनच तुकड्या असतील तर एकेका तुकडीत शंभर मुलं बसवूनही शिक्षकाचा परिणाम पद्धतीच्या परिणामापासून सुटा करता येत नाही.

दहा-दहा तुकड्या एका शाळेत मिळत नाहीत, पण दोन-तीन केंद्रांच्या शिक्षकांनी मिळून ठरवलं तर मिळू शकतात. कोणत्या शाळेत कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शिवाय पूर्वचाचणी घेऊन तिचा हिशेब विश्लेषणात धरला तर गरज बरीच कमी होते. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीतला सहसंबंध ०.७ असेल तर मुलामुलांमधला निम्मा फरक आधीच समजावला जातो, आणि ६४ च्या जागी सुमारे ३३ मुलं पुरतात. अनेक लघुप्रबंधांत पूर्वचाचणी घेतलेली असते, पण ती गट ‘समान’ आहेत एवढं दाखवून बाजूला ठेवली जाते. हातातली सर्वांत उपयोगी माहिती अशी वाया जाते.

ज्याच्याकडे दोनच तुकड्या आहेत, त्याने निदान शेवटचं वाक्य बदलावं. समजा फरक ४ गुणांचा निघाला. मग ‘फरक नाही’ न लिहिता असं लिहिता येईल: ‘नव्या पद्धतीच्या गटाची सरासरी ४ गुणांनी जास्त आली. दोन्ही तुकड्यांचे शिक्षक वेगळे होते ही बाब सोडली तरी, खरा फरक उणे १ ते अधिक ९ गुणांमध्ये कुठेही असू शकतो.’