नवजात बालकाची झोप

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतील झोपेची घडण पुढच्या वयातील झोपेहून मुळातच वेगळी असते. तीन महिन्यांपर्यंतचे बाळ चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपते, तर चार ते अकरा महिन्यांचे बाळ साधारण 12 ते 15 तास झोपते. निरोगी बाळांमध्येही या बाबतीत दोन-तीन तासांचा फरक सहज आढळतो. या आकड्यांवरून दिसते की झोपेच्या एकूण तासांत पडणारा फरक तसा थोडाच असतो. खरा फरक आहे तो झोप कोणत्या अवस्थेतून सुरू होते, तिचे तुकडे एकमेकांना कसे जोडले जातात आणि ते दिवसा पडतात की रात्री, या तीन गोष्टींत. पहिल्या आठवड्यांत आईवडिलांची जी दमछाक होते, तिचे कारणही बाळ कमी झोपते हे नसून या तीन गोष्टींत आहे.

नवजात बाळाच्या झोपेच्या मुख्यतः दोन अवस्था मानल्या जातात : सक्रिय झोप आणि शांत झोप. ज्या झोपेत कोणतीच अवस्था स्पष्टपणे ओळखता येत नाही, तिला अनिश्चित झोप म्हणतात. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये झोपेतील जलद नेत्रचलनाचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठ्यांत हे नेत्रचलन स्वप्नावस्थेत दिसते, आणि बाळाची सक्रिय झोप म्हणजे त्या स्वप्नावस्थेचे आरंभीचे रूप होय. प्रौढांच्या झोपेत या अवस्थेचा वाटा 20 ते 25 टक्के असतो, तर पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप सक्रिय असते. हॉवर्ड रॉफवार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये अशी उपपत्ती मांडली की बाहेरच्या जगाचे अनुभव अजून तुटपुंजे असताना मेंदूच्या जडणघडणीला लागणारी चेतना या झोपेतून आतल्या आत मिळत असावी. ही उपपत्ती पूर्णपणे सिद्ध झालेली नसली, तरी अकाली जन्मलेल्या बाळांत सक्रिय झोपेचे प्रमाण याहूनही जास्त असते, ही गोष्ट तिच्याशी जुळते.

मोठे मूल किंवा प्रौढ माणूस झोपी जाताना आधी शांत झोपेत उतरतो आणि स्वप्नावस्था नंतर येते. नवजात बाळाचा क्रम उलटा असतो. ते जागेपणातून थेट सक्रिय झोपेत शिरते. तिथे साधारण वीस ते तीस मिनिटे गेल्यावर शांत झोप येते, तीही जवळपास वीस ते तीस मिनिटे टिकते आणि आवर्तन पूर्ण होते. असे एक आवर्तन 50 ते 60 मिनिटांचे असते, तर प्रौढांचे साधारण 90 मिनिटांचे. येथे एक गोष्ट बहुधा ध्यानात घेतली जात नाही. वाढत्या वयाबरोबर बाळाची झोप सलग होत जाते, ती आवर्तने लांबल्यामुळे नव्हे. पहिल्या वर्षात आवर्तनाची लांबी फारशी बदलत नाही. बाळ एका आवर्तनातून दुसऱ्यात पूर्ण जागे न होता जाऊ लागते, एवढाच बदल होतो.

तीन आठवड्यांच्या बाळाचे एक आवर्तन जवळून पाहिले, तर या रचनेचे व्यावहारिक परिणाम स्पष्ट होतात. समजा, दूध पिता पिता रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी बाळाचे डोळे मिटले. ते झोपले आहे, पण झोप सक्रिय आहे : मिटल्या पापण्यांखाली बुबुळे हलताना दिसतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, क्षणभर हसू उमटते आणि लगेच कपाळावर आठी पडते, श्वास मध्येच जलद होतो, मध्येच मंदावतो, हातापायांना बारीक झटके येतात. मोठ्यांच्या स्वप्नावस्थेत स्नायू जवळजवळ निश्चल होतात. बाळाच्या मेंदूत हा अटकाव अजून पुरता बसलेला नसल्याने त्याची हालचाल बाहेर दिसते. 9 वाजून 20 मिनिटांनी त्याला मांडीवरून उचलून अंथरुणावर ठेवले, तर ते डोळे उघडून रडू लागण्याचा संभव मोठा असतो, कारण या अवस्थेत स्पर्शातला आणि शरीराच्या स्थितीतला बदल चटकन जाणवतो. ‘मांडीवर झोपतं आणि खाली ठेवलं की उठतं’ ही घरोघरची तक्रार येथून येते. 9 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास चित्र पालटते. श्वास एकसारखा होतो, चेहरा स्थिर होतो, मूठ सैल पडते, हात किंचित उचलून सोडला तर तो सैलपणे खाली येतो. अधूनमधून एखादा दचका बसतो, पण बाळ उठत नाही. खाली ठेवायला हीच वेळ सोयीची असते.

10 वाजण्याच्या आसपास शांत झोप संपते आणि पुढच्या आवर्तनातील सक्रिय झोप सुरू होते. बाळ अंग मोडते, कण्हल्यासारखा आवाज काढते, चेहरा लाल करते, कधी डोळे अर्धवट उघडते, कधी एखादा हुंदकाही देते. हे सगळे झोपेतच चाललेले असू शकते. अशा वेळी दिवा लावून लगेच उचलून घेतले, तर झोपलेले बाळ आपणच जागे करतो आणि दुसरे आवर्तन तिथेच तुटते. एखादे मिनिट हात न लावता पाहिले, तर पुष्कळदा ते पुन्हा स्थिरावते. मात्र डोळे उघडे आहेत, मान वळवून तोंडाने काहीतरी शोधणे चालू आहे, मूठ तोंडाकडे जाते आहे आणि आवाज वाढत चालला आहे, असे दिसले तर ती भूक असते आणि तेव्हा वाट पाहू नये. या वयात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागते, त्यामुळे दोन-तीन तासांनी येणारी जाग हा झोपेचा दोष नसतो.

सक्रिय झोपेतील दोन गोष्टींनी पालक विशेष घाबरतात. श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जलद सुरू होणे या आवर्ती श्वसनात विराम सहसा दहा सेकंदांहून कमी असतो आणि बाळाचा रंग बदलत नाही. विराम वीस सेकंदांपर्यंत लांबला, किंवा ओठ निळसर पडले, किंवा अंग लुळे पडले, तर तो आजार समजून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते. झोपेतले झटके निरुपद्रवी असतील तर ते बाळ जागे होताच थांबतात. जागेपणीही चालू राहणारे झटके तपासून घ्यावे लागतात.

दिवस-रात्रीची उलटापालट हा या झोपेचा दुसरा भाग. झोप दोन गोष्टींवर चालते : जागेपणी साठत जाणारी झोपेची गरज आणि मेंदूतील जैविक घड्याळ. नवजात बाळात पहिली गोष्ट जोरात असते. तासाभराच्या जागेपणानेच ते पेंगुळते. दुसरी गोष्ट मात्र अजून चालू व्हायची असते. घड्याळाचे काम करणारा पेशीसमूह गर्भावस्थेतच तयार झालेला असतो, परंतु गर्भात त्याला वेळ कळते ती आईकडून, मुख्यतः नाळेवाटे येणाऱ्या तिच्या मेलाटोनिन या रात्री वाढणाऱ्या संप्रेरकातून. जन्मताच हा संकेत तुटतो. बाळाच्या स्वतःच्या मेलाटोनिनची रात्री वाढणारी लय साधारण नवव्या ते बाराव्या आठवड्यात दिसू लागते, आणि पहाटे चढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची लयही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बसते. मधल्या काळात बाळाची झोप दिवस आणि रात्र यांत जवळजवळ सारखी विभागलेली असते. त्यातच संध्याकाळनंतर हालचाल वाढण्याची गर्भातली सवय मागे राहिलेली असेल, तर झोपेचा सर्वांत लांब तुकडा दुपारी पडतो आणि मध्यरात्र टक्क जागी जाते.

अशा बाळाचा एक दिवस असा असू शकतो : दुपारी 1 ते साडेचार सलग झोप, संध्याकाळभर छोट्या डुलक्या, आणि रात्री 12 ते 3 या वेळात दूध, जाग आणि रडणे यांची साखळी. यात बाळाचा हट्ट नसतो आणि पालकांची चूकही नसते. येथे उपयोगी पडतो तो प्रकाशाचा आणि वागण्याचा फरक. दिवसा बाळ उजेडाच्या खोलीत, घरातल्या नेहमीच्या आवाजांत असावे. दुपारची झोप तीन तासांच्या पुढे चालली, तर हलकेच उठवून दूध पाजावे, म्हणजे लांब तुकडा रात्रीकडे सरकायला वाव मिळतो. रात्री मंद दिवा पुरेसा असतो. दूध पाजणे, ढेकर काढणे आणि गरजेपुरते कपडे बदलणे एवढेच करावे, बोलणे-खेळवणे टाळावे. आईच्या दुधातही रात्री मेलाटोनिन असते आणि दिवसा ते जवळजवळ नसते, म्हणून दूध काढून ठेवणाऱ्यांनी बाटलीवर वेळ लिहून रात्रीचे दूध रात्रीसाठी वापरणे शक्य असल्यास बरे. या उपायांचा गुण दोन-चार दिवसांत दिसत नाही. घड्याळाची वाढ आपल्या गतीने होते आणि तिला घाई करता येत नाही. बाळाला दिवसभर जागे ठेवले तर ते रात्री झोपेल, ही समजूत तर निखालस चुकीची आहे. अतिशय थकलेले बाळ अधिक रडते आणि त्याला झोप लागणेच अवघड होते. पहिल्या आठवड्यांत वेळापत्रक लावण्याचा अट्टहासही मला याच कारणाने अनाठायी वाटतो.

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास रात्रीचा एक तुकडा थोडा लांबू लागतो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ शांत झोपेतून झोपी जाऊ लागते, मेंदूच्या विद्युत आलेखात झोपेच्या विशिष्ट लहरी स्पष्ट होतात आणि शांत झोपेचे हलके व गाढ टप्पे वेगळे ओळखता येतात. सहा महिन्यांच्या बाळाची गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात एकवटते, सक्रिय झोप पहाटेकडे सरकते आणि दिवसाची झोप दोन-तीन ठरावीक डुलक्यांत आवरते. तेही दोन आवर्तनांच्या मध्ये जागे होतेच, पण पुष्कळदा कोणाला न उठवता पुन्हा झोपते. त्यामुळे तीन आठवड्यांच्या बाळाला सहा महिन्यांच्या बाळाचे झोपेचे नियम लावता येत नाहीत.

सहज जाग येणे हे या वयात संरक्षणही असते. झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक असतो, आणि अशा मृत्यूंत जागे होण्याची यंत्रणा अपुरी पडत असावी असे मानले जाते. म्हणून सलग झोपेच्या आशेने बाळाला पालथे निजवणे धोक्याचे आहे. प्रत्येक झोपेसाठी त्याला उताणे, घट्ट व सपाट अंथरुणावर, उशी आणि सैल पांघरुणाशिवाय ठेवावे.

झोप जास्त होणेही कधी काळजीचे असते. जन्मानंतर घटलेले वजन साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून येते. तोवर बाळ तीन-चार तासांहून अधिक सलग झोपले, तर त्याला उठवून दूध पाजावे. जे बाळ उठवूनही नीट उठत नाही, दूध ओढत नाही, ज्याची त्वचा पिवळी पडत चालली आहे किंवा ज्याचे अंग 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापले आहे, त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे लागते. अकाली जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत वरील सर्व टप्पे जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात : सहा आठवडे आधी जन्मलेल्या बाळाची रात्रीची लय जन्मानंतर पंधरा ते अठरा आठवड्यांनी दिसली, तर ती वेळेवरच आलेली असते.