संधिकाठिण्य, मधुमेहजन्य

दीर्घकाळच्या मधुमेहात बोटे ताठ होणे, खांदा आखडणे आणि मनगटात नस दबणे ही तिन्ही दुखणी पुष्कळदा एकाच व्यक्तीत आढळतात. हाडे बहुधा शाबूत असतात. बिघडतात ती स्नायू हाडाला जोडणारी कंडरा, सांध्याभोवतीचे आवरण म्हणजे संधिकोश आणि त्वचा. लुंडबेक यांनी १९५७ मध्ये जुन्या मधुमेहींच्या ताठ हातांचे वर्णन केले. रोझेनब्लूम व फ्रिआस यांनी १९७४ मध्ये हाच ताठरपणा लहान वयाच्या मधुमेहींत नोंदवला.

कारणाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या ऱ्हासाकडे बोट दाखवतात. कंडरा, संधिकोश व त्वचा यांना बळ देणाऱ्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनातील बदलांचे स्पष्टीकरण मात्र तिन्ही दुखण्यांना अधिक जुळते. रक्तातील जादा ग्लुकोज कोलॅजनला चिकटते आणि कालांतराने त्याच्या तंतूंमध्ये आडवे, पक्के बंध तयार होतात. मग तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवसांत बदलते, म्हणून तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेले ग्लुकोज मोजणाऱ्या एचबीए१सी तपासणीत साधारण गेल्या तीन महिन्यांचीच साखर कळते. कंडरेतील कोलॅजन वर्षानुवर्षे तेच राहते. त्यामुळे आजचा अहवाल चांगला असूनही हात ताठ असू शकतो.

इंदूरच्या एखाद्या मराठी घरातील, अठरा वर्षे मधुमेह असलेल्या गृहिणीचे उदाहरण घेऊ. देवापुढे हात जोडताना तिच्या करंगळ्यांमध्ये फट राहू लागते. पुढे ही फट अंगठ्याच्या दिशेने सरकते. दुखत नसल्याने दुर्लक्ष होते. हीच ‘नमस्कार चाचणी’: कोपरे वर उचलून तळवे जोडले असता बोटे पूर्ण टेकत नाहीत. पुढे रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन तिला जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा व मध्यवर्ती नस जाते. कंडरांची आवरणे जाड झाली की नस दबते. ही नस करंगळीला जात नाही, म्हणून करंगळीही बधिर असेल, तर केवळ या नसेवर ठपका ठेवता येत नाही.

त्यानंतर पाठीमागे हात नेणे अवघड होते. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवताना, दुसऱ्याने वळवूनही तो वळत नसेल आणि क्ष-किरण चित्र निर्दोष असेल, तर संधिकोश आक्रसल्याचा संशय बळावतो. कंडरा फाटलेली असल्यास दुसऱ्याने वळवलेला हात सहसा वळतो.

मनगटासाठी रात्री ते सरळ धरणारी पट्टी काही आठवडे वापरतात. बोटे व खांद्यासाठी रोज हलके ताण देतात. कोमट पाण्याने शेकायचे तर बधिर हाताला चटका कळत नसल्याने पाणी दुसऱ्याने तपासावे. खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काही दिवस साखर वाढते. त्या काळात ती घरी रोज मोजावी लागते. खांदा सुटायला एक ते तीन वर्षे लागतात, आणि मधुमेहात हालचाल कधीकधी पूर्ण परतत नाही.