चार ओळींचा फोटो पाठवावा की त्या टंकून पाठवाव्यात?

प्रोग्रॅमिंग शिकत असलेल्या एका परिचिताने मला एकदा त्याच्या लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो पाठवला. पायथन भाषेतली अवघी एक ओळ होती आणि ती चालत नव्हती. फोटोत ती पुरेशी स्पष्ट दिसत होती, म्हणून मी ती पाहून माझ्या संगणकावर टंकली, तर ती पहिल्याच खेपेला चालली. त्याने आणखी जवळून फोटो काढला, मी पुन्हा टंकले, आणि पुन्हा तेच झाले. अखेर मी त्याला ओळ आणि खाली आलेला संदेश कॉपी करून पाठवायला सांगितले, तेव्हा हे हाती आले:

```
print(“नमस्कार”)
SyntaxError: invalid character '“' (U+201C)
```

त्याने ती ओळ एका टिपणातून उचलली होती आणि टिपणाच्या सॉफ्टवेअरने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे करून ठेवली होती. पायथनला सरळ चिन्हच चालते. फोटोत दोन्ही चिन्हे म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरचे दोन काळे ठिपके एवढेच दिसत होते, आणि मी टंकताना सवयीने सरळ चिन्ह दाबत होतो; म्हणजे दोष शोधण्याऐवजी प्रत्येक वेळी नकळत तो दुरुस्त करत होतो. शिवाय कारण सांगणारी शेवटची ओळ त्याच्या दोन्ही फोटोंत कडेला कापली गेली होती. पायथनच्या त्रुटिसंदेशात नेमकी शेवटचीच ओळ सर्वांत महत्त्वाची असते, हे नवख्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

संगणकाच्या दृष्टीने टंकलेले अक्षर म्हणजे युनिकोडमधला एक ठरलेला क्रमांक असतो, तर फोटोतले अक्षर म्हणजे कमीअधिक उजेडाच्या ठिपक्यांची एक रचना असते. ‘पाणी’ हा शब्द यूटीएफ-८ या रूढ पद्धतीने साठवला, तर त्यातील प, काना, ण आणि वेलांटी या चार घटकांना प्रत्येकी ३ याप्रमाणे १२ बाइट लागतात. याच शब्दाचा ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो घेतला, तर १ कोटी २० लाख ठिपक्यांचे रंग नोंदवावे लागतात आणि आकुंचनानंतरही फाइल बहुधा काही मेगाबाइटची होते. जागेची उधळपट्टी ही यातली किरकोळ बाब आहे. खरा मुद्दा असा, की त्या १ कोटी २० लाख ठिपक्यांत ‘प’ कोठेही लिहिलेला नसतो. पाहणाऱ्याने किंवा अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरने तो अंदाजाने ठरवायचा असतो.

हा अंदाज कोठे चुकतो, ते छापील पानाच्या उदाहरणावरून समजेल. ए-४ पानाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११.७ इंच असते. टेसरॅक्ट या प्रसिद्ध अक्षरओळख सॉफ्टवेअरसाठी इंचाला किमान ३०० ठिपके असावेत अशी शिफारस आहे. त्या हिशेबाने पानाच्या उंचीला सुमारे ३५०० पिक्सेल हवेत. फोनचा कॅमेरा ते सहज देतो. पण पाठवताना फोटो लहान झाला आणि त्याची लांब बाजू समजा १६०० पिक्सेलवर आली, तर इंचाला जेमतेम १३७ ठिपके उरतात. पानावर ५० ओळी असतील, तर मधल्या मोकळ्या जागेसह एका ओळीच्या वाट्याला ३२ पिक्सेल येतात आणि अनुस्वाराला दोन-तीन. त्यावर फोटो साठवण्याची जेपेग पद्धत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून देते. निसर्गदृश्यात हे कळतही नाही, परंतु अक्षराची ओळख अनेकदा त्या बारीक तपशिलातच असते. ‘भरणे’ आणि ‘मरणे’ यांत फरक एका छोट्याशा गाठीचा आहे, आणि दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअरही ही चूक पकडू शकत नाही.

चित्र कितीही स्वच्छ असले तरी दिसू न शकणारा एक प्रकार मराठीत रोज घडतो. ‘अंतःकरण’ या शब्दातला विसर्ग हे देवनागरीतले स्वतंत्र चिन्ह आहे, पण कित्येक जण तेथे अपूर्णविरामाची खूण दाबतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. शोधयंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. एखाद्या यादीत नाव सापडत नाही अशी तक्रार असेल, तर त्या यादीच्या फोटोवरून कारण कळणे अशक्य असते, कॉपी केलेल्या मजकुरावरून ते मिनिटभरात कळते.

म्हणून मी स्वतः एक साधा प्रश्न विचारतो: वाचणाऱ्याला या अक्षरांचे पुढे काही करायचे आहे का? ती शोधायची असतील, चालवून पाहायची असतील, भाषांतरित करायची असतील किंवा पडदावाचकाकडून ऐकायची असतील, तर अक्षरेच पाठवावीत. पडदावाचक हे दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ते सॉफ्टवेअर. वर्णन न जोडलेल्या फोटोपाशी ते अनेकदा ‘चित्र’ एवढेच म्हणते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, शक्य असेल तेथे मजकुराच्या चित्राऐवजी मजकूरच द्यावा, असा स्वतंत्र निकष आहे.

मजकूर पडद्यावर असेल तर टंकण्याआधी कॉपी करता येते का ते पाहावे, कारण हाताने टंकताना पाठवणाराही माझ्यासारखाच दोष दुरुस्त करून बसू शकतो. कागदावरचा मजकूर, एखाद्या यंत्राच्या छोट्या पडद्यावरचा संदेश किंवा उपकरणावर कोरलेला क्रमांक टंकावाच लागतो. तेव्हा फोनची शब्द आणि विरामचिन्हे आपोआप बदलण्याची सोय बंद करावी. नाहीतर काही फोनांत ती सरळ अवतरणचिन्हे वळवते आणि लागोपाठच्या दोन आडव्या रेघांची एकच लांब रेघ करते. टंकून झाल्यावर मूळ मजकुराशी एकेक अक्षर ताडून पाहावे, विशेषतः शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय. मोटारगाड्यांच्या १७ चिन्हांच्या ओळखक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरतच नाहीत, ती याच गोंधळामुळे. हा खटाटोप पाच-सहा ओळींपर्यंत परवडतो. पूर्ण पान असेल तर अक्षरओळख सॉफ्टवेअरने मजकूर काढून तो तपासणेच सोयीचे, कारण कंटाळलेला माणूस टंकताना ओळच गाळतो, आणि गाळलेली ओळ चुकलेल्या अक्षरापेक्षा शोधायला अवघड असते.

फोटोची खरी गरज पडते ती अक्षराच्या रूपाबद्दलच प्रश्न असेल तेव्हा. एखाद्या पडद्यावर ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ असा दिसत असेल, तर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर नीट जुळलेलाच दिसेल आणि तक्रारच नाहीशी होईल. तेथे पडद्याचे चित्रच पाठवायला हवे. जुन्या हस्तलिखित पत्रातला एक शब्द लागत नसेल, तेव्हा दोन्ही लागतात. वाचता आलेल्या ओळी टंकाव्यात, शंका असलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे आणि फोटो संपूर्ण पत्राचा नव्हे, तर तो शब्द आणि त्याच्या मागचापुढचा एकेक शब्द एवढ्याचाच जवळून काढावा, म्हणजे ते अक्षर ‘थ’ आहे की ‘य’, हे त्याच हाताने लिहिलेल्या शेजारच्या अक्षरांशी ताडून ठरवता येते.