रिकामी वाघीण आणि नफ्याची घसरण

कंपन्यांचे तिमाही निकाल नेमाने वाचणाऱ्यांना एक कोडे वारंवार भेटते. विक्री दहा टक्क्यांनी कमी झालेली असते आणि नफा मात्र थेट निम्म्यावर आलेला असतो. पुढच्या वर्षी विक्री जरा सावरली की तोच नफा दुप्पट होतो. विश्लेषक याला ‘ऑपरेटिंग लिव्हरेज’ म्हणतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. शब्द शेअर बाजारात रुळला असला तरी ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती रेल्वेवाल्यांच्या, आणि तीही कंपन्या बुडू लागल्यावर.

रेल्वेच्या आधी व्यापाऱ्याचा बहुतेक खर्च मालावरच होत असे. कापूस विकला गेला नाही तर पुढची खरेदी थांबे, बैलगाड्या भाड्याने घेणे थांबे. धंदा आटला की खर्चही आटे. रेल्वेचे तसे नव्हते. पहिले तिकीट विकण्याआधी जमीन, भराव, बोगदे, पूल, रूळ आणि इंजिने यांवर सगळे पैसे ओतावे लागत. त्यानंतर गाडी भरून जावो की रिकामी, रूळ गंजतातच, स्लीपर कुजतातच, स्टेशनमास्तरला पगार द्यावाच लागतो. डायोनिसियस लार्डनर या आयरिश लेखकाने १८५० मध्येच रेल्वेच्या खर्चाची विभागणी वाहतुकीबरोबर बदलणारा आणि न बदलणारा अशी करून दाखवली होती.

गुंतवणूकदारांना हा धोका हिशेब न मांडताही कळला होता. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये धावली, पण त्याआधीच १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांनी पाच टक्के परताव्याची हमी पदरात पाडून घेतली होती. वाहतूक कमी पडली तर फरक सरकारने भरायचा. भांडवलाचा धोका अशा रीतीने हिंदुस्थानच्या तिजोरीवर गेला, आणि दादाभाई नौरोजींच्या पिढीच्या अर्थशास्त्रीय टीकेत रेल्वेचा ठळक उल्लेख येतो त्याचे एक कारण हेच.

अमेरिकेत अशी सरसकट हमी नव्हती, त्यामुळे तिथे हिशेबाला पर्याय उरला नाही. सप्टेंबर १८७३ मध्ये रेल्वेसाठी भांडवल उभे करणारी जे कुक या बँकरची पेढी बुडाली आणि मंदी सुरू झाली. त्याच सुमारास लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत आल्बर्ट फिंक नावाचा जर्मनीत जन्मलेला अभियंता काम करत होता. पूल बांधण्यात त्याचे नाव झालेले होते. ‘फिंक ट्रस’ ही लोखंडी पुलाची रचना त्याचीच. त्याने १८७४ च्या सुमारास वाहतुकीच्या खर्चाची चार भागांत फोड केली. रूळ-पुलांची देखभाल आणि देखरेखीचा खर्च वाहतुकीशी जवळजवळ निगडित नव्हता. स्थानकावरचा चढ-उताराचा खर्च मालाच्या टनांप्रमाणे बदलत होता. इंजिन चालवण्याचा खर्च गाडी किती मैल धावली यावर ठरत होता. आणि चौथा भाग म्हणजे कर्जाचे व्याज. या फोडीतून दिसले ते असे की ‘एक टन माल एक मैल नेण्याचा खर्च किती?’ याला एकच उत्तर नाही. गजबजलेल्या मार्गावर तो थोडा, ओस शाखेवर कितीतरी पट जास्त, कारण न बदलणारा खर्च किती टनांत वाटला जातो यावरच सारे अवलंबून.

हे समजायला एक कल्पित रेल्वे घेऊ. वर्षाला १० लाख टन माल, दर टनाला १० डॉलर, म्हणजे उत्पन्न १०० लाख. प्रत्येक टनामागे कोळसा, चढ-उतार वगैरेचा बदलता खर्च अडीच डॉलर, म्हणजे २५ लाख. उरलेल्या ७५ लाखांना हिशेबनीस काँट्रिब्युशन म्हणतात. त्यातून ६० लाखांचा स्थिर खर्च भागवला की नफा १५ लाख. आता माल दहा टक्क्यांनी घटला. काँट्रिब्युशन साडेसदुसष्ट लाखांवर येते, स्थिर खर्च जागचा हलत नाही, आणि नफा उरतो साडेसात लाख. दहा टक्क्यांच्या घटीला पन्नास टक्क्यांची घसरण, म्हणजे पाचपट. हा पाचाचा आकडा आधीच काढता येतो: मूळ काँट्रिब्युशनला मूळ नफ्याने भागायचे, ७५ भागिले १५.

शेजारी एक गाडीवान ठेवा. त्याचेही उत्पन्न १०० लाख आणि नफा १५ लाख, पण बदलता खर्च ७५ लाख आणि स्थिर फक्त १० लाख. त्याचा माल दहा टक्क्यांनी घटला तर नफा साडेबारा लाखांवर येतो. वीस टक्क्यांनी घटला तरी त्याच्याकडे १० लाख उरतात. रेल्वेचा नफा तेव्हा शून्य झालेला असतो. चांगल्या वर्षात मात्र चित्र उलटते आणि गाडीवान मागे पडतो.

हा पाचाचा गुणक कायमचा नसतो, हे अनेकदा विसरले जाते. पहिल्या घसरणीनंतर काँट्रिब्युशन साडेसदुसष्ट आणि नफा साडेसात, म्हणजे गुणक नऊ झाला. ना नफा ना तोटा या बिंदूच्या जितके जवळ, तितका झोका मोठा. म्हणून ‘या कंपनीचे ऑपरेटिंग लिव्हरेज इतके’ असे वाक्य कोणत्या विक्रीच्या पातळीवर हे न सांगता बोलले गेले तर त्याला फारसा अर्थ नाही.

इथपर्यंतचा हिशेब कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. रेल्वेच्या इतिहासाने शिकवलेली खरी गोष्ट पुढे आहे. मंदीत वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, रिकाम्या उभ्या आहेत. टनामागे खर्च अडीच डॉलर. मग एखादा व्यापारी चार डॉलर देतो म्हणाला तर रेल्वेने नाही का म्हणावे? दीड डॉलर तर दीड डॉलर, स्थिर खर्चाला तेवढाच हातभार. प्रत्येक रेल्वेने स्वतःपुरता हाच शहाणपणा केला. शेजारच्या कंपनीकडेही रिकाम्या वाघिणी होत्याच, तिनेही दर उतरवले. माल तेवढाच राहिला, दर मात्र सगळ्यांचेच खाली आले.

आणि दरातली घट मालातल्या घटीपेक्षा जास्त झोंबते. आपल्याच रेल्वेत माल १० लाख टनच राहिला आणि दर १० वरून ९ झाला, तर बदलता खर्च एका पैशानेही कमी होत नाही. उत्पन्न ९० लाख, खर्च ८५ लाख, नफा ५ लाख. दहा टक्के दरकपातीने दोन तृतीयांश नफा गेला. तो भरून काढायला साधारण साडेअकरा लाख टन माल हवा, म्हणजे पंधरा टक्के जास्त, आणि मंदीत तो आणायचा कुठून? म्हणजे जास्त स्थिर खर्च विक्रीतल्या घटीचा परिणाम वाढवतो, आणि त्यावर कडी म्हणजे ती घट ओढवून घेणाऱ्या दरयुद्धालाही तोच चिथावणी देतो.

शिकागो ते अटलांटिक किनारा या मार्गांवर १८७६ मध्ये नेमके हेच पेटले. दर कोसळले. व्याज आणि रूळ कापता येत नाहीत, मग कापायला उरले पगार. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने दहा टक्के पगारकपात केल्यावर जुलै १८७७ मध्ये मार्टिन्सबर्ग इथे कामगारांनी गाड्या अडवल्या आणि संप अनेक राज्यांत पसरला. खुद्द फिंक एव्हाना हिशेब सोडून समझोत्यांकडे वळला होता. आधी दक्षिणेकडच्या रेल्वे-जहाज कंपन्यांच्या संघटनेचा आणि मग पूर्वेकडच्या मुख्य मार्गांच्या संघटनेचा तो प्रमुख झाला. माल आपसांत ठरलेल्या वाट्यांनी वाटून घ्यायचा आणि दर टिकवायचे, अशी ही ‘पूल’ पद्धत. कोर्टात तिची अंमलबजावणी करून घेता येत नसे, त्यामुळे मंदी आली की कोणीतरी गुपचूप सूट देई.

शेतकऱ्यांचा राग वेगळाच होता. दोन-तीन रेल्वे जिथे स्पर्धेत होत्या तिथे दर मातीमोल, आणि एकच रेल्वे असलेल्या मधल्या गावाला मात्र स्थिर खर्चाचा सगळा भार. लांबच्या शहरापेक्षा जवळच्या गावाला जास्त भाडे, असा उफराटा प्रकार त्यातून आला. १८८७ च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने या भेदभावाला आळा घातला आणि माल वाटून घेण्याचे ‘पूल’ समझोतेही बेकायदा ठरवले. कायद्याने स्थिर खर्च मात्र कमी झाला नाही. १८९३ च्या मंदीत अमेरिकेतल्या जवळपास एक चतुर्थांश रेल्वेमार्गांच्या कंपन्या कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती गेल्या. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी सदर्न, ईरी, नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपन्यांची पुनर्रचना करताना ठराविक व्याजाच्या रोख्यांच्या जागी बऱ्याच प्रमाणात प्रेफरन्स शेअर दिले, म्हणजे वाईट वर्षात लाभांश थांबवता यावा.

मॉर्गन यांचा हा उपाय व्याजाच्या भाराला होता, रूळ-पुलांच्या खर्चाला नव्हे. आज आपण दोन लिव्हरेज वेगळी मानतो: व्याजापूर्वीच्या नफ्याचा झोका तो ऑपरेटिंग, व्याजामुळे भागधारकाच्या वाट्याला येणारा वाढीव झोका तो फायनान्शियल. रेल्वेकडे दोन्ही एकावर एक रचलेली होती.

रेल्वेबाहेर हा विचार आलेखाच्या रूपाने आला. हेन्री हेस या अभियंत्याने १९०३ मध्ये कारखान्याचा खर्च आणि उत्पन्न एकाच आलेखावर काढले. दोन रेषा छेदतात तिथे नफा सुरू होतो. कोलंबिया विद्यापीठातल्या वॉल्टर राउटेनस्ट्राउख यांनी पुढे ‘ब्रेक-ईव्हन’ आलेख उद्योगजगतात रुजवला. या आलेखाची मर्यादा अशी की त्यातली स्थिर खर्चाची रेषा एका पट्ट्यापुरतीच सरळ असते. दुसरी पाळी सुरू केली, नवी भट्टी लावली की ती एकदम वरच्या पायरीवर चढते.

दुसरा घोळ माल साठवणाऱ्या कारखान्यांत होतो. १९३६ मध्ये जोनाथन हॅरिस या अमेरिकन हिशेबतज्ज्ञाने त्याकडे बोट दाखवले. प्रचलित पद्धतीत कारखान्याचा स्थिर खर्च तयार मालावर वाटला जातो, त्यामुळे विकला न गेलेला माल गोदामात पडून असेल तर त्या खर्चाचा एक भागही त्याच्याबरोबर गोदामातच राहतो. विक्री घटूनही यंत्रे चालू ठेवली तर नफा बरा दिसतो, आणि पुढे विक्री वाढली पण उत्पादन रोखले तर तो खाली येतो. साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढताना दिसला की नफ्याच्या आकड्यावर विसंबू नये.

सेवा विकणाऱ्यांना मात्र गोदामाचा हा आडोसा नाही. रिकामी गेलेली वाघीण उद्यासाठी ठेवता येत नाही. दूरसंचारात तर टॉवर, स्पेक्ट्रम आणि केबल बसल्यावर आणखी एका कॉलचा खर्च जवळपास शून्य. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फुकट सेवा देत भारतीय बाजारात पाऊल टाकले आणि बाकीच्यांना दर उतरवावे लागले. एअरसेलने २०१८ च्या सुरुवातीला दिवाळखोरीसाठी अर्ज केला, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खासगी कंपन्या तीनच उरल्यावर डिसेंबर २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात तिघींनीही दर वाढवले.