लाल वाइन : द्राक्षे फोडण्यापासून मॅलोलॅक्टिक किण्वनापर्यंत

वाइनशास्त्राच्या प्रमाणपत्र परीक्षांत लाल वाइनच्या निर्मितीवर ठरलेला प्रश्न असतो: दिलेल्या पायऱ्या योग्य क्रमाने लावा. क्रम असा आहे. देठ काढणे, द्राक्षे फोडणे, यीस्टने होणारे मद्यार्क किण्वन, चोथा दाबून रस वेगळा करणे आणि शेवटी मॅलोलॅक्टिक किण्वन. हा क्रम पाठ करून उत्तर जुळते, पण पुढचा उपप्रश्न बहुधा कारण विचारतो आणि तिथे पाठांतर संपते. प्रत्येक पायरीची जागा कशामुळे ठरते हे कळण्यासाठी सल्फर डायऑक्साइड केव्हा घालतात आणि केव्हा घालत नाहीत, एवढ्याकडे लक्ष ठेवले तरी पुरते.

घड यंत्रात पडले की आधी देठ वेगळे होतात, मग रूळांमधून मणी जातात. मण्याची साल फाटून रस बाहेर यावा, पण बी फुटू नये इतकेच अंतर रूळांत ठेवतात. फुटलेल्या बीमधून कडवट टॅनिन उतरते. साल, बी, गर आणि रस यांचे जे मिश्रण तयार होते ते तसेच टाकीत जाते. पांढऱ्या वाइनमध्ये हे मिश्रण लगेच दाबून रस निवळू देतात आणि मगच आंबवतात. लाल वाइनमध्ये दाबणे किण्वनानंतर येते, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, गरात नव्हे. क्रम लावण्याच्या प्रश्नातला सापळा बहुतेक वेळा याच दोन पद्धतींच्या अदलाबदलीचा असतो.

फोडतानाच सल्फर डायऑक्साइडचा पहिला हप्ता पडतो. निरोगी द्राक्षांना लिटरला साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम पुरतात. त्याने रस तपकिरी पडत नाही आणि सालीवरचे रानटी यीस्ट व जीवाणू दबतात, तर वाइनचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, एवढे सल्फर सहज सोसते. इथे हात सैल सोडला तर त्याची किंमत पुढे मॅलोलॅक्टिकच्या वेळी मोजावी लागते.

मद्यार्क किण्वनात लाल वाइनच्या टाकीचे तापमान बहुधा २० ते ३० अंश सेल्सियस ठेवतात. वर येणारा कार्बन डायऑक्साइड सालींना उचलतो आणि पृष्ठभागावर जाड थर जमतो. तो कोरडा पडला तर रंग उतरत नाही आणि हवेत उघड्या राहिलेल्या सालींवर ॲसिटिक जीवाणू फोफावतात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा तो खाली दाबतात किंवा तळाचा रस पंपाने वर आणून त्याच्यावर सोडतात. साखर संपली, किंवा हवा तेवढा रंग व टॅनिन मिळाले, की आपोआप वाहणारी वाइन काढून घेतात आणि उरलेला चोथा दाबतात. दाबलेली वाइन जास्त तुरट असते, म्हणून तिला आधी वेगळे ठेवलेले बरे.

आता या नोंदीचा मुख्य भाग. मॅलोलॅक्टिक किण्वनात यीस्टचा हात नसतो. हे काम लॅक्टिक आम्ल जीवाणूंचे, प्रामुख्याने इनोकॉकस इनी या जातीचे. हा जीवाणू पूर्वी ल्युकोनोस्टॉक ईनॉस म्हणून ओळखला जाई. आजचे नाव १९९५ मध्ये मिळाले. द्राक्षातील मॅलिक आम्लाचे तो लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतो. मॅलिकच्या एका रेणूत दोन आम्लगट असतात, लॅक्टिकमध्ये एक. म्हणून आम्लता उतरते, सामू चढतो आणि चव मऊ होते. या काळात सिट्रिक आम्लापासून डायॲसिटिलही तयार होते, त्यामुळे लोण्यासारखा वास येतो.

परीक्षेत विचारला जातो तसा एक प्रश्न सोडवून पाहू. टाकीत २००० लिटर लाल वाइन आहे. मॅलिक आम्ल लिटरला २.५ ग्रॅम, एकूण आम्लता टार्टारिकच्या हिशेबात ६.५ ग्रॅम आणि सामू ३.५. मॅलोलॅक्टिकनंतर काय होईल? मॅलिकचा रेणूभार १३४ आणि लॅक्टिकचा ९०. म्हणजे एक ग्रॅम मॅलिकमागे ०.६७ ग्रॅम लॅक्टिक बनते आणि बाकीचा भाग वायू होऊन जातो. २.५ ग्रॅममधून सुमारे १.७ ग्रॅम लॅक्टिक मिळते. मात्र आम्लतेतील घट या दोन आकड्यांच्या वजाबाकीने काढता येत नाही, कारण दोन्ही आम्लांचे टार्टारिकमधील मूल्य वेगळे आहे. एक ग्रॅम मॅलिक म्हणजे १.१२ ग्रॅम टार्टारिक, आणि त्यातून मिळालेले ०.६७ ग्रॅम लॅक्टिक म्हणजे ०.५६ ग्रॅम. दर ग्रॅमला घट ०.५६. एकूण घट १.४ ग्रॅम, म्हणून नवी आम्लता सुमारे ५.१. सामू असा हिशेबाने काढत नाहीत, तो मोजावाच लागतो, बहुधा ०.१ ते ०.३ ने चढलेला दिसतो.

जीवाणू नाजूक असतात. वाइन १८ ते २२ अंशांच्या आसपास, सामू ३.२ च्या वर आणि मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर काम चालते. दही लावताना दूध फार गरम वा थंड चालत नाही, तसेच इथेही. म्हणूनच फोडतानाच्या पहिल्या हप्त्यानंतर मॅलोलॅक्टिक संपेपर्यंत सल्फर घालत नाहीत. नेमक्या त्याच काळात वाइन सर्वांत कमी संरक्षित असते, त्यामुळे टाकी काठोकाठ भरून ठेवावी लागते.

हे किण्वन यीस्टच्या कामानंतर करण्यामागचे कारण साखर आहे. मद्यार्क किण्वन मध्येच अडले आणि साखर शिल्लक राहिली, तर हाच जीवाणू ग्लुकोजवर वळतो आणि लॅक्टिकबरोबर ॲसिटिक आम्लही करतो. काही वाइनरी मात्र यीस्ट घातल्यावर एक-दोन दिवसांतच, साखर असतानाच, जीवाणू सोडतात. वेळ वाचतो, पण अडलेल्या किण्वनाचा धोका पत्करावा लागतो.

काम संपले हे चवीवरून ठरवू नये. कागदी क्रोमॅटोग्राफीत निळ्या-हिरव्या कागदावर आम्लांचे पिवळे ठिपके उमटतात: सर्वांत खाली टार्टारिक, मग सिट्रिक, त्यावर मॅलिक, आणखी वर लॅक्टिक. लॅक्टिकचा ठिपका दिसला म्हणून संपले, हे उत्तर चूक. मॅलिकचा ठिपका नाहीसा व्हायला हवा. ही चाचणी लिटरला ०.१ ग्रॅमच्या खाली फारशी पाहू शकत नाही, म्हणून बाटली भरण्याआधी विकर चाचणी करतात. मॅलिक उरले आणि बाटलीत जीवाणू जागे झाले, तर वाइन गढूळ होते आणि तिच्यात वायूचे बुडबुडे दिसतात.

नाशिकच्या वाइन द्राक्षांची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. उष्ण हवेत पिकताना मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते, त्यामुळे थंड प्रदेशांच्या तुलनेत इथे ते कमी असते. उष्ण भागांत म्हणून टार्टारिक घालणे आणि मॅलोलॅक्टिक करणे हे दोन निर्णय एकत्र घ्यावे लागतात.

शेवटचा सल्फर हप्ता नव्या सामूवर ठरतो. रेणूरूपातले, म्हणजे जीवाणूंवर खरे काम करणारे, सल्फर डायऑक्साइड लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवे असेल, तर सामू ३.५ ला मुक्त २५ मिलिग्रॅम पुरतात, सामू ३.७ ला साधारण ३९ लागतात. वरच्या टाकीत सामू ३.७ मोजला गेला आणि मुक्त सल्फर शून्याजवळ असेल, तर २००० लिटरना ७८ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड मुक्त राहायला हवे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये ते ५७.६ टक्के असते, म्हणून किमान १३५ ग्रॅम पावडर. काही भाग वाइनमध्ये बांधला जातो, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजून भर घालतात.