मागच्या सीटवरचा पट्टा आणि डोक्यावरचे हेल्मेट

मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२२ साली काही महिन्यांच्या अंतराने दोन निर्णय अंमलात आणले. जूनपासून दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले, आणि १ नोव्हेंबरपासून मोटारीतल्या सर्व प्रवाशांना, म्हणजे मागच्या सीटवरच्यांनाही, सीट बेल्ट लावणे बंधनकारक झाले. दुसऱ्या निर्णयाला ४ सप्टेंबरच्या अपघाताची पार्श्वभूमी होती. त्या दिवशी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. या दोन्ही नियमांवर शहरात एकच आक्षेप ऐकू येतो: जीव माझा आहे, मग सरकारने मध्ये का पडावे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र तो दोन्ही नियमांना सारखाच लागू पडत नाही, आणि कुठे पडतो व कुठे नाही हे ठरवण्यासाठी तत्त्वज्ञानाइतकीच भौतिकशास्त्राची मदत लागते.

आक्षेपामागचे तत्त्व इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडले. आगरकरांच्या पिढीवर मिलच्या विचारांचा ठसा होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके नाही. मिलच्या मते समजत्या वयाच्या माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध बळाचा वापर करण्याचे एकच रास्त कारण असू शकते, ते म्हणजे त्याच्याकडून इतरांना होणारा अपाय रोखणे. त्याचे स्वतःचे भले, मग ते शारीरिक असो वा नैतिक, हे पुरेसे कारण नव्हे. यालाच हानितत्त्व म्हणतात. याउलट, ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून मोठ्या माणसाला मुलासारखे वागवणे म्हणजे पालकशाही. मुलांना मिलने या तत्त्वातून स्पष्टपणे वगळले होते. तेव्हा दुचाकीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला हेल्मेट घालायला लावणे हा वादाचा विषयच नाही. वाद आहे तो सज्ञान माणसाचा.

आता मागच्या सीटकडे पाहू. मुंबईच्या कित्येक टॅक्सींत मागचा पट्टा असतो, पण त्याचे खाचेत बसणारे टोक रेक्झिनच्या कव्हराखाली दबलेले असते आणि ते शोधण्याइतका वेळ कुणी काढत नाही. समजा, पश्चिम द्रुतगती महामार्गावर अशी एक टॅक्सी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, चालकाने पट्टा लावला आहे आणि त्याच्या अगदी मागे ७० किलो वजनाचा प्रवासी पट्ट्याविना बसला आहे. टॅक्सी समोरच्या कठड्यावर आदळते. गाडीचा पुढचा भाग चेपत जातो आणि साधारण ६० सेंटिमीटर अंतरात गाडी थांबते. या सगळ्याला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. थांबते ती गाडी. मागचा प्रवासी नव्हे. त्याला धरून ठेवणारे काहीच नसल्यामुळे तो त्याच ताशी ६० किलोमीटर वेगाने पुढे जात राहतो, आणि हा वेग चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडलेला माणूस जमिनीवर ज्या वेगाने आपटेल तितका असतो.

त्या प्रवाशाजवळची गतिज ऊर्जा सुमारे ९,७०० ज्यूल भरते, आणि ही ऊर्जा कुठे तरी खर्च व्हावीच लागते. पट्टा लावलेला असता, तर चेपणाऱ्या गाडीबरोबर आणि थोड्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याबरोबर तो सुमारे ७० सेंटिमीटर अंतरात थांबला असता, आणि त्याच्यावर सरासरी दीड टनाच्या आसपास वजनाएवढे बल आले असते. हे बल छातीच्या आणि कंबरेच्या हाडांवर पसरते. बहुतेक माणसे त्यातून वाचू शकतात. पट्टा नसताना मात्र तो पुढच्या सीटवर आपटून वीसेक सेंटिमीटरांतच थांबतो. अंतर जितके कमी तितके बल जास्त, या साध्या हिशेबाने ते पाच टनांच्या आसपास जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढेच बल उलट दिशेने पुढच्या सीटवर, म्हणजे चालकाच्या पाठीवर, येते. चालकाचा पट्टा त्याला पुढे जाऊ देत नाही आणि मागून माणूस त्याच्यावर येतो. छाती या दोहोंच्या मध्ये सापडते. ज्याने नियम पाळला, त्याच्यावर हा भार पडतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जपानी संशोधकांनी तिथल्या पोलिसांच्या अपघात-नोंदी तपासून २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला की, मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात ही वाढ सुमारे २० टक्केच निघाली. दोन आकड्यांतली ही तफावत मोठी आहे, आणि अशा अभ्यासांची मर्यादाही ओळखली पाहिजे: ज्या गाडीत कुणी पट्टा लावत नाही, ती गाडी बहुधा वेगळ्या तऱ्हेने चालवली जात असते, आणि तो परिणाम पूर्णपणे बाजूला काढणे कठीण असते. मात्र दिशा दोन्हीकडे एकच आहे. वीस टक्के धरले, तरी तो दुसऱ्याच्या जिवाचा धोका आहे. म्हणजे लोकांना सर्वांत जाचक वाटणारा मागच्या सीटचा नियम मिलच्या कसोटीवर सर्वांत सहज उतरतो. तिथे पालकशाहीचा प्रश्नच येत नाही.

हेल्मेटचे तसे नाही. हेल्मेट नसलेले डोके दुसऱ्या कुणाला जखमी करत नाही. म्हणूनच हेल्मेटसक्तीचे समर्थक हानितत्त्वाच्या चौकटीत राहण्यासाठी खर्चाचा युक्तिवाद करतात: डोक्याला मार लागलेल्या माणसाला महापालिकेच्या रुग्णालयात आणले जाते, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातली खाट, महिनोन्‌महिन्यांचे उपचार हे सारे करदात्यांच्या पैशांतून होते, तेव्हा अपाय समाजालाच झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेल्मेट-कायद्याच्या खटल्यात १९७२ साली न्यायालयाने जवळपास हाच विचार मान्य केला, तर त्याच देशात मिशिगनच्या अपील न्यायालयाने १९६८ मध्ये असा कायदा रद्द ठरवला होता.

मला खर्चाचा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याचे कारण तो फार दूरवर पोहोचतो हे आहे. सार्वजनिक खर्च वाढवणारी प्रत्येक सवय इतरांना केलेला अपाय मानायची, तर तळलेले खाणे, व्यायाम टाळणे, डोंगर चढणे या सगळ्यांवर दंड बसवता येईल, आणि मग हानितत्त्व नावापुरतेच उरेल. शिवाय खर्च हेच खरे कारण असेल, तर पुरेसा विमा उतरवणाऱ्याला सूट द्यावी लागेल. मिशिगनने २०१२ साली नेमके तेच केले: २१ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या चालकाने २०,००० डॉलरचे वैद्यकीय विमासंरक्षण घेतले आणि अनुभवाची किंवा प्रशिक्षणाची अट पूर्ण केली, की त्याला हेल्मेटविना चालवण्याची मुभा मिळते. आपल्याकडे अशी सूट कुणी मागत नाही, कारण पैसे वाचवणे हा आपला हेतू कधी नव्हताच.

आपला हेतू काय आहे हे कायद्यातच दिसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला हेल्मेटमधून सूट आहे. श्रद्धेच्या कारणासाठी दुसऱ्याला इजा करण्याची सूट कोणतेही राज्य देणार नाही. स्वतःपुरती जोखीम घेण्याची सूट मात्र देता येते. ही तरतूद आहे, याचाच अर्थ हा कायदा मुख्यतः चालकाच्या स्वतःच्या भल्यासाठी आहे. ही पालकशाही आहे हे सरळ मान्य करावे आणि मग ती समर्थनीय आहे का ते विचारावे, असे मला वाटते.

त्यासाठी मिलचेच एक उदाहरण उपयोगी पडते. एखादा माणूस मोडकळीस आलेल्या पुलाकडे निघाला आहे आणि त्याला इशारा द्यायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून थांबवले, तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नाही. पण धोका निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर त्याला इशारा द्यावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने पुढे हा भेद नीट मांडला. अज्ञानातून किंवा गैरसमजातून होणारी कृती थांबवणे ही सौम्य पालकशाही, तर जाणूनबुजून केलेली निवड मोडून काढणे ही कठोर पालकशाही. दादरहून माटुंग्याला निघालेला माणूस हेल्मेट हँडलला अडकवतो, तेव्हा त्याने जोखमीचा हिशेब करून ती पत्करलेली असते का? बहुधा नाही. अंतर कमी म्हणून धोका नगण्य, असे त्याने धरलेले असते. उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे त्याच्या विचारात नसते. इथवर सौम्य पालकशाही पुरते.

ज्याला हे सारे ठाऊक आहे आणि तरीही जो नको म्हणतो, त्याच्यापाशी ती अपुरी पडते. त्याच्यासाठी माझे उत्तर वेगळे आहे. मिल कुणालाही स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य देत नाही, कारण त्या एका निवडीने पुढच्या सगळ्या निवडी संपतात. मेंदूची गंभीर इजा माणसाची निर्णय घेण्याची क्षमताच हिरावून घेते, आणि ती वाचवण्याची किंमत डोक्यावर सव्वा किलोच्या आसपासचे ओझे आणि थोडा घाम एवढीच आहे. त्या ओझ्याने कुणाच्या आयुष्याचा मार्ग बदलत नाही. गिर्यारोहकाचे तसे नाही. डोंगर काढून घेतला तर त्याच्या जगण्यातला गाभाच जातो. म्हणून एकाला सक्ती आणि दुसऱ्याला मुभा, यात विसंगती नाही. उत्तर हमखास नाही हे मला मान्य आहे, कारण गुलामी निश्चित असते आणि अपघात संभाव्य. तेव्हा ही सक्ती टिकते ती ओझे हलके आहे तोवरच.

दंडाची रचना या दृष्टीने पाहिली की खटकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसल्यास कलम १९४ड नुसार १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्यावर बंदी येते. सीट बेल्ट नसल्यास कलम १९४ब नुसार केवळ १,००० रुपये दंड आहे. म्हणजे ज्याने फक्त स्वतःला धोक्यात घातले त्याला शिक्षा जास्त, आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो तिथे कमी. घरपोच पार्सले पोहोचवून पोट भरणाऱ्या तरुणाचा परवाना तीन महिने गेला, तर त्याच्याच भल्यासाठी केलेला नियम त्याची मिळकत तोडतो. ‘ओझे हलके’ हा जो आधार होता, तो तिथे सुटतो. त्याच्याच शेजारून हनुवटीखालचा पट्टा मोकळा सोडून जाणारा मात्र अनेकदा अडवला जात नाही, जरी कलम १२९ हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधण्याची अट घालते आणि न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून निघून जाऊ शकते.

सीट बेल्टच्या कलमात याहून मोठी गफलत आहे. प्रवाशाने पट्टा लावला नाही तर दंड होतो तो त्याला घेऊन जाणाऱ्या चालकाला. कव्हराखाली दबलेला पट्टा वर काढून ठेवणे ही चालकाची जबाबदारी आहे, आणि तेवढ्यापुरता त्याला दंड रास्त आहे. पण पट्टा समोर असूनही प्रवाशाने तो नाकारला, तर अपाय करणारा प्रवासी असतो, अपाय सोसणारा चालक असतो, आणि पावती फाटते ती चालकाच्या नावाने. हानितत्त्वावर हा नियम उभा करायचा असेल, तर मागच्या सीटवरच्या सज्ञान प्रवाशावर थेट दंड बसवण्याची तरतूद कलम १९४ब मध्ये व्हायला हवी.